टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या चालत्या मॉडेलचे गुणदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधील ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांत आणि विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून काम करताना शिक्षक, पालक आणि नव्याने परीक्षण करणारे सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी केलेली, प्रत्यक्ष चालणारी मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. आम्ही एकूण ४० गुणांची पत्रिका वापरतो : कार्यासाठी १२, कल्पकतेसाठी ८, पुनर्वापरासाठी १० आणि विद्यार्थ्याच्या स्पष्टीकरणासाठी १०.

चारही निकषांना सारखे गुण का ठेवले नाहीत?

स्पर्धा चालत्या मॉडेलची असल्यामुळे मॉडेल चालते की नाही, याला सर्वाधिक वजन असणे स्वाभाविक आहे. कल्पकतेला सर्वांत कमी गुण ठेवण्याचे कारण मात्र वेगळे आहे. कार्य मोजून पाहता येते, साहित्य मोजता येते, स्पष्टीकरण प्रश्न विचारून तपासता येते. परंतु कल्पकतेच्या बाबतीत एकाच टेबलासमोर उभ्या असलेल्या दोन परीक्षकांचे मत सर्वाधिक भिन्न असते. ज्या निकषात मतभेदाला सर्वाधिक वाव आहे, त्यावर निकाल फिरू नये, म्हणून तेथे ८ गुण पुरेसे आहेत असे आमचे मत झाले.

मॉडेल ‘चालते’ असे नेमके कधी म्हणायचे?

विद्यार्थ्याने आधी सांगितलेले काम मॉडेलने परीक्षकासमोर केले, तर ते चालते. यासाठी प्रत्येक मॉडेलसमोर एका वाक्याचे कार्ड ठेवायला सांगावे : ‘हे मॉडेल काय करते?’ वाक्य तपासता येण्याजोगे असले पाहिजे. ‘हे मॉडेल पाण्याची समस्या सोडवते’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘हे मॉडेल एक पेला पाणी टेबलापासून एक वीत उंच चढवते’ हे तपासता येते. कार्ड लिहून घेतल्यावर परीक्षकाचे काम बरेच सोपे होते, कारण मग तो मॉडेल त्याच्या स्वतःच्या दाव्याशी ताडून पाहतो, शेजारच्या मोठ्या आणि चकचकीत मॉडेलशी नाही.

कार्याचे १२ गुण आम्ही तीन भागांत वाटतो. सांगितलेले काम एकदा तरी झाले, तर ४ पर्यंत. तेच काम लागोपाठ तीनदा झाले, तर आणखी ४ पर्यंत. आणि मॉडेल हाताळताना सुटून न येणे, धोका नसणे आणि अडले तर विद्यार्थ्याला ते स्वतः पूर्ववत करता येणे यांसाठी उरलेले ४. यांतला मधला भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि तीच मोठी चूक आहे. एकदा चालणे हा योगायोग असू शकतो. तीनदा चालवून पाहिले की सैल जोड, उतरलेला सेल, घासणारे पाते आणि गळणारी नळी या सगळ्या गोष्टी उघड होतात.

एखाद्या मॉडेलचे गुणदान प्रत्यक्षात कसे केले, ते सविस्तर सांगाल का?

बाटलीचा व्हॅक्यूम क्लीनर जवळपास प्रत्येक प्रदर्शनात असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. सातवीतल्या एका मुलाने तो मांडला होता. थंड पेयाची एक लिटरची बाटली आडवी धरून तिच्या मागच्या भागात खेळण्यातल्या गाडीची मोटार बसवलेली होती, मोटारीच्या दांड्यावर पेयाच्या पत्र्याच्या डब्यातून कापलेली पंख्याची पाती होती, पात्यांच्या पुढे जुन्या मच्छरदाणीची जाळी ताणून लावली होती, आणि बाटलीच्या तोंडाला कूलरच्या जुन्या नळीचा तुकडा जोडला होता. बटण बंद पडलेल्या टॉर्चचे होते, तारा जुन्या चार्जरच्या होत्या, आणि वीज नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवरून घेतली होती. कार्डावर लिहिले होते : ‘हे यंत्र टेबलावरचे कागदाचे बारीक तुकडे ओढून घेते.’

कागदाला भोके पाडण्याच्या पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या टिकल्या सगळ्या सारख्या आकाराच्या असतात, म्हणून तपासणीसाठी त्या सोयीच्या पडतात. आम्ही २० टिकल्या टेबलावर पसरल्या आणि एक मिनिट दिले. पहिल्या वेळी १७ टिकल्या आत गेल्या, दुसऱ्या वेळी १४, आणि तिसऱ्या वेळी फक्त ६. दावा खरा ठरला होता, म्हणून पहिल्या भागाचे पूर्ण ४ गुण दिले. परंतु क्षमता स्पष्टपणे घसरत गेली, म्हणून सातत्याचे २ च गुण दिले. जोड पक्के होते, पात्यांच्या कडा दुमडलेल्या होत्या आणि अडकलेली टिकली काढून यंत्र पुन्हा सुरू करणे त्याला जमले. पण मोटारीचा आधार किंचित हलत होता, म्हणून तिसऱ्या भागाचे ३ गुण दिले. कार्याचे एकूण ९ झाले.

क्षमता का घसरली, हे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, ‘सेल दमतो. पाच मिनिटं ठेवला की परत थोडा वेळ चालतो.’ निरीक्षण अगदी बरोबर होते. नऊ व्होल्टचा छोटा चौकोनी सेल मोठी वीजधारा फार वेळ देण्यासाठी नसतोच. त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे मोटारीचा भार पडला की त्याचे व्होल्टेज खाली येते आणि विश्रांतीनंतर काही अंशी सावरते. मोटारीला सोसेल एवढ्या व्होल्टेजसाठी मोठ्या आकाराचे दोन-तीन सेल एकामागे एक जोडले असते, तर तिसरी फेरी पहिलीच्या जवळपास गेली असती.

हे उत्तर आवडले म्हणून कार्याचे गुण वाढवले का?

नाही. उत्तराचे गुण स्पष्टीकरणात गेले. सातत्याचे २ गुण तिसऱ्या फेरीनंतर, उत्तर ऐकण्यापूर्वी, लिहून झालेले होते, आणि ते तसेच राहिले. हा क्रम मुद्दाम ठेवावा लागतो. आधी संवाद झाला आणि मग चाचणी घेतली, तर छान बोलणाऱ्या मुलाचे मॉडेल परीक्षकाला अधिक चांगले चालल्यासारखे वाटते.

याची दुसरी बाजू अशी की एकाच दोषाची शिक्षा दोनदा होऊ नये. सेल कमकुवत पडला म्हणून कार्यात गुण गेले. त्याच कारणासाठी ‘नवा सेल विकत आणला’ म्हणून पुनर्वापरात आणि ‘सुधारणा सुचली नाही’ म्हणून कल्पकतेत गुण कापणे अन्यायाचे ठरते. गुण देताना प्रत्येक निकषापुढे एका ओळीत कारण लिहिण्याची सवय ठेवली, तर तेच कारण दोन ठिकाणी आले आहे का, हे चटकन दिसते.

पुनर्वापराचे गुण देताना टाकाऊ वस्तू मोजायच्या की वजन पाहायचे?

वस्तूंची संख्या मोजली तर एक मोठा दोष निर्माण होतो : मुले मॉडेलला जुन्या सीडी, बाटल्यांची झाकणे आणि रंगीत कागद चिकटवून संख्या वाढवतात. वजन पाहिले तर जाड पुठ्ठ्याचा तळ बाकी सगळ्यावर भारी पडतो. म्हणून आम्ही आधी मॉडेलचे काम करणारे भाग आणि सजावटीचे भाग वेगळे करतो, आणि फक्त काम करणाऱ्या भागांकडे पाहतो. ओळखायची कसोटी सोपी आहे : हा भाग काढून टाकला तर मॉडेल थांबेल किंवा बिघडेल का? थांबत नसेल, तर तो भाग पुनर्वापरात धरायचा नाही.

१० पैकी ५ गुण काम करणाऱ्या भागांत टाकाऊ वस्तूंचा वाटा किती, यासाठी आहेत. वर सांगितलेल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बाटली, पाती, मोटार, जाळी, नळी, बटण, तारा आणि सेल असे आठ भाग होते, आणि त्यांपैकी सेल तेवढा विकत आणलेला होता. सेल, गोंद आणि चिकटपट्टी टाकाऊमधून मिळावीत अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही. जुने सेल वापरा असा आग्रह धरणे तर धोक्याचेच आहे. म्हणून येथे पूर्ण ५ गुण दिले.

पुढचे ३ गुण टाकाऊ वस्तूचा गुणधर्म कामाला आला आहे का, यासाठी आहेत, आणि पुनर्वापराचा खरा कस येथे लागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुठ्ठ्याच्या तुकड्यासारखी नुसती चिकटवली, तर तिच्या जागी काहीही चालले असते. पण तीच पट्टी ताणून दोन भाग घट्ट धरायला किंवा झाकणाची बिजागरी म्हणून वापरली, तर रबराची लवचिकता कामाला लावलेली असते. बाटली पारदर्शक असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसते, डब्याचा पत्रा पातळ असल्यामुळे कात्रीने कापून पाते वळवता येते, मच्छरदाणी हवा जाऊ देते आणि कागद अडवते, या गोष्टी मुलाच्या लक्षात होत्या. नळी मात्र गरजेपेक्षा जाड होती आणि ‘तीच मिळाली’ एवढेच कारण होते. त्यामुळे ३ पैकी २ गुण दिले.

उरलेले २ गुण मॉडेल मोडल्यावर त्याच्या वस्तू पुन्हा वापरता येतात का, यासाठी आहेत. ग्लू गनने सगळे एकत्र थापले, तर बरी असलेली मोटारही कचऱ्यात जाते. येथे मोटार सुतळीने बांधलेली होती, पण पाती आणि जाळी कायमची चिकटवलेली होती. म्हणून १ गुण. पुनर्वापराचे एकूण ८ झाले.

साहित्य खरोखर टाकाऊ आहे की नवे आणलेले, हे कसे ओळखायचे?

साहित्याची यादी तीन रकान्यांत मागवावी : टाकाऊ, घरात पडून असलेले, आणि विकत आणलेले. मधला रकाना ठेवला की मुले खरे लिहितात, कारण त्यांना सगळे ‘टाकाऊ’ मध्ये कोंबण्याची गरज उरत नाही. घरात पडून असलेल्या वस्तूला आम्ही अर्धा भाग धरतो.

डोळ्यांनीही बरेच कळते. आइस्क्रीमच्या खरोखर वापरलेल्या काड्यांवर डाग असतात आणि त्यांची लांबी कमी-जास्त असते. सगळ्या काड्या एकसारख्या पांढऱ्या आणि कोऱ्या असतील, तर त्या स्टेशनरीच्या दुकानातल्या पाकिटातल्या आहेत. कागदी पेल्यांच्या आतला कोरडा, नितळ थर, स्ट्रॉचे न दबलेले तोंड, थर्माकोलच्या शीटची धारदार कड या खुणा अशाच आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी असूनही तो प्रदर्शनात मॉडेलचा तळ म्हणून येतो; टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल आणि दुकानातून आणलेली कोरी शीट यांत आम्ही फरक करतो.

मोटार कुठून आली, हे विचारण्याची पद्धत मात्र सांभाळावी. ‘विकत आणलीस ना?’ असे विचारण्याऐवजी ‘ही मोटार काढल्यावर गाडीचं काय राहिलं?’ असे विचारावे. ज्याने खरोखर काढली आहे, तो गाडीचा सांगाडा, तुटलेले चाक आणि न निघणारा स्क्रू यांविषयी भरभरून सांगतो.

सिरिंजवर चालणारा जेसीबी उत्तम चालला, तरी तो मागे का राहतो?

ही तक्रार जवळपास दर वर्षी येते, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. पाण्याने भरलेल्या दोन सिरिंज नळीने जोडायच्या आणि एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर येतो, या तत्त्वावर हे मॉडेल चालते. बंदिस्त पाण्यातला दाब सगळीकडे सारखा पोहोचत असल्यामुळे लहान सिरिंज दाबून मोठीचा दट्ट्या उचलला, तर बल वाढते, पण मोठा दट्ट्या कमी अंतर सरकतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नसेल, तर हे मॉडेल फारच विश्वासार्ह असते, आणि कार्यात त्याला १२ पैकी ११ किंवा १२ गुण सहज मिळतात.

अडचण पुनर्वापरात येते. वापरलेल्या सिरिंज जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतात, त्यांची विल्हेवाट २०१६ च्या नियमांनुसार वेगळी लावायची असते, आणि सुई काढलेली, उकळलेली असली तरी तसली सिरिंज मुलाच्या हाती देणे योग्य नाही. म्हणजे सिरिंज नव्याच असणार, आणि त्या नव्या असणे हेच बरोबर आहे. परंतु मग मॉडेलचे मुख्य काम करणारे चार-सहा भाग विकत आणलेले ठरतात, आणि सांगाड्याला कोऱ्या काड्या वापरल्या असतील तर टाकाऊचा वाटा जवळपास उरतच नाही. अशा एका मॉडेलला आम्ही कार्यात १२, कल्पकतेत ३, पुनर्वापरात ३ आणि स्पष्टीकरणात ६ असे २४ गुण दिले. ते मॉडेल वाईट नव्हते. ते दुसऱ्या स्पर्धेचे मॉडेल होते. प्रिंटरच्या शाईसाठी वापरून झालेल्या, औषधाशी संबंध नसलेल्या सिरिंज कोणी आणल्या, तर त्या टाकाऊ धरायला आमची हरकत नसते.

इंटरनेटवर पाहून केलेल्या मॉडेलला कल्पकतेचे गुण द्यायचे का?

द्यायचे, पण मूळ कल्पनेसाठी नाही, तर मुलाने त्यात स्वतः केलेल्या बदलासाठी. या वयातल्या मुलाने अगदी नवे यंत्र शोधावे ही अपेक्षा चुकीची आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करण्याचा जो मोठा ठेवा मुलांसाठी खुला केला, तो करून पाहण्यासाठीच आहे. प्रश्न असा विचारावा : ‘तू पाहिलेल्यापेक्षा तुझ्या मॉडेलमध्ये वेगळं काय आहे, आणि ते का केलंस?’

व्हॅक्यूम क्लीनरवाल्या मुलाने सांगितले की पहिल्या प्रयत्नात कागद थेट पात्यांत अडकत होता, म्हणून जाळी पात्यांच्या पुढे आणली. पण मग साठलेला कचरा बाहेर काढायला बाटली दरवेळी खोलावी लागायची. त्याने बाटलीच्या बाजूला खिडकीएवढा भाग कापून, सायकलच्या ट्यूबची बिजागरी लावून, उघडणारे दार केले होते. हवा गळू नये म्हणून दाराच्या कडेला त्याच ट्यूबची पट्टी लावली होती. कल्पना सर्वपरिचित असली तरी हे दार त्याचे स्वतःचे होते आणि ते एका खऱ्या अडचणीतून आले होते. ८ पैकी ५ गुण दिले. रंगरंगोटी, दिव्यांची माळ आणि मोठे नाव यांना कल्पकतेत आम्ही काहीच धरत नाही.

पाठ केलेले स्पष्टीकरण आणि समजलेले स्पष्टीकरण यांतला फरक कसा कळतो?

पाठ केलेले स्पष्टीकरण ऐकून घ्यावे, मध्येच तोडू नये, आणि ते संपल्यावर ‘हे असं केलं तर काय होईल?’ असा एक प्रश्न विचारावा. प्रश्न मॉडेलवर करून पाहता येण्याजोगा असावा.

सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या इनॅमल तारेचे वेटोळे यांची साधी मोटार हे याचे फार चांगले उदाहरण आहे. या मोटारीत वेटोळ्याच्या दोन टोकांपैकी निदान एका टोकावरचे इनॅमल एका बाजूला तसेच ठेवून बाकीचे खरवडायचे असते. बहुतेक मुले ‘वीजप्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि म्हणून वेटोळे फिरते’ असे घडाघडा म्हणतात. मग विचारावे, ‘तार सगळ्या बाजूंनी खरवडली असती तर?’ ज्याला समजले आहे, तो सांगतो की अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा रेटा उलटा बसतो, वेटोळे मागे-पुढे डुलते आणि अडकते. इनॅमल राहिलेली बाजू आली की तेवढा वेळ वीज बंद होते आणि वेटोळे आपल्या वेगाने पुढे निघून जाते. ज्याला समजलेले नाही, तो पुन्हा पहिले वाक्य म्हणू लागतो. असे झाले तर त्याला ओशाळे करू नये. ‘तू करताना किती खरवडली होतीस?’ असा सोपा प्रश्न विचारून त्याला बोलते करावे.

स्पष्टीकरणाचे १० गुण आम्ही असे देतो : कोणता भाग काय करतो यासाठी ३, ते तसे का होते यासाठी ४, आणि करताना काय बिघडले व काय बदलले यासाठी ३. व्हॅक्यूम क्लीनरवाला मुलगा आधी म्हणाला, ‘पंखा कचरा ओढतो.’ आम्ही विचारले, ‘मग बाटलीच्या मागे ही भोकं कशाला?’ त्याने आमचा हात त्या भोकांपाशी नेला. तेथून हवा बाहेर येत होती. मग त्याने स्वतःच तळवा ठेवून भोके बंद केली आणि टिकल्या आत यायच्या थांबल्या. ‘हवा बाहेर गेली नाही तर नवीन हवा आत कशी येणार?’ असे तो म्हणाला. दाबातील फरक हा शब्द त्याने वापरला नाही, पण कारण त्याला कळले होते. पहिल्या भागाचे ३, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २, असे ८ गुण झाले. मोटारीच्या तारा उलट जोडल्यावर काय होईल, हे मात्र त्याला सांगता आले नाही. त्याच्या पंख्याची पाती तिरपी वळवलेली होती. अशा पंख्यात तारा उलट केल्या की हवा उलट दिशेने वाहते आणि यंत्र कागद ओढण्याऐवजी उडवते.

त्याची बेरीज कार्य ९, कल्पकता ५, पुनर्वापर ८ आणि स्पष्टीकरण ८, म्हणजे ४० पैकी ३० झाली.

विद्यार्थी बोलीत बोलला किंवा शास्त्रीय शब्द चुकला, तर गुण कमी करायचे का?

करू नयेत. अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत दिलेले बरोबर कारण हे बरोबरच असते. शब्द चुकला आणि कारण बरोबर असले, तर पूर्ण गुण द्यावेत. शब्द बरोबर आणि कारण चुकले, तर देऊ नयेत. बुजऱ्या मुलाला तोंडी सांगण्याऐवजी हाताने करून दाखवायची मुभा असावी.

मॉडेल पालकांनी केले आहे असा संशय आला तर?

संशयावरून गुण कापू नयेत. त्याऐवजी एखादा भाग काढून परत बसवायला सांगावे, जसे की जाळी, सेलची जोडणी किंवा नळी. ज्याने स्वतः जोडले आहे, त्याचे हात कुठे जायचे ते जातात. पत्रा कापणे, गरम सळईने भोक पाडणे, सोल्डरिंग करणे ही कामे मोठ्यांनी केली असतील, तर ते योग्यच आहे, आणि विद्यार्थ्याने तसे मोकळेपणाने सांगितले तर त्यामुळे काहीही कमी होऊ नये.

ऐन परीक्षणाच्या वेळी मॉडेल बंद पडले तर?

एसटीच्या प्रवासात सुटलेली तार हा मुलाचा दोष नाही. त्याला दहा मिनिटे द्यावीत आणि फेरीच्या शेवटी एकदाच परत यावे. त्या वेळात विद्यार्थी बिघाड कसा शोधतो हे दुरून पाहण्यासारखे असते : जो आधी सेल, मग जोड, मग मोटार असा क्रमाने जातो, त्याला कार्याच्या तिसऱ्या भागाचे गुण त्यावरून देता येतात. तरीही चालले नाही, तर घरी चालल्याचा व्हिडिओ पाहून पहिल्या ४ पैकी जास्तीत जास्त २ गुण द्यावेत. सातत्याचे देऊ नयेत.

सूर्यचुलीसारखे सावकाश चालणारे मॉडेल तीनदा कसे तपासणार?

तेथे तीन फेऱ्यांऐवजी तीन नोंदी घ्याव्यात. पाण्याची सारखीच दोन भांडी, एक चुलीत आणि एक बाहेर उन्हात, ठेवून दर अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान लिहावे. पाणी तापते हे पुरेसे नाही, बाहेरच्यापेक्षा जास्त तापले पाहिजे. आभाळ आले असेल, तर शाळेत शिक्षकांसमोर घेतलेल्या नोंदी ग्राह्य धराव्यात.

कोणत्या वस्तू आढळल्यास मॉडेल चालवूच नये?

जुन्या मोबाइलमधून किंवा पॉवर बँकेतून काढलेला लिथियम सेल, विशेषतः फुगलेला; फुटलेला सीएफएल किंवा ट्यूबलाइट, कारण त्यात पारा असतो; संगणकाच्या वीजपुरवठ्याचा उघडा डबा, कारण त्यातले कपॅसिटर बंद केल्यावरही भारित असू शकतात; आणि थेट घरातल्या विजेवर जोडलेली उघडी तार. यांपैकी काही दिसले, तर आधी मॉडेल बंद करवून घ्यावे आणि शिक्षकांना बोलवावे. गुणांचा विचार नंतर करावा. तो भाग सुरक्षित पर्यायाने बदलून विद्यार्थी परत आला, तर त्याचे परीक्षण नेहमीप्रमाणे होते.

दोन परीक्षकांच्या गुणांत फरक पडला तर सरासरी काढायची का?

एखाद्या निकषात दोन गुणांपर्यंतचा फरक असेल, तर सरासरी चालते. त्यापेक्षा मोठा असेल, तर सरासरी काढून तो झाकू नये. दोघांनी आपापली लिहिलेली कारणे एकमेकांना वाचून दाखवावीत आणि गरज पडल्यास एकत्र टेबलाशी परत जावे. अनुभव असा आहे की बहुतेक वेळा एकाने पाहिलेली गोष्ट दुसऱ्याने पाहिलेलीच नसते. व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत एका परीक्षकाने कल्पकतेला २ लिहिले होते, कारण उघडणारे दार बाटलीच्या पलीकडच्या बाजूला होते आणि त्याच्या नजरेस पडले नव्हते.

बेरीज समान आली तर?

आधी स्पष्टीकरणाचे गुण पाहावेत, तेही समान असतील तर पुनर्वापराचे. कार्याला सर्वाधिक गुण असले, तरी बरोबरी सोडवताना आम्ही ते आधी धरत नाही, कारण त्या दिवशीचा सेल, प्रवास आणि हवामान यांचा परिणाम सर्वाधिक त्याच निकषावर झालेला असतो.

विद्यार्थ्याला गुणपत्रिका दाखवावी का?

निकाल जाहीर झाल्यावर दाखवावी, आणि प्रत्येक निकषापुढे लिहिलेली कारणाची ओळ तशीच ठेवावी. ‘सातत्य २ : तिसऱ्या फेरीत सेलचे व्होल्टेज उतरले’ ही ओळ वाचून मुलाला पुढे काय बदलायचे ते कळते, नुसता २ हा आकडा त्याला काहीच सांगत नाही. आकडे परीक्षकाच्या अक्षरात आणि खाडाखोड न करता असावेत; बदल केला असेल, तर त्यापुढे सही असावी.